हत्तीचे साठ चौकोन आणि श्रीखंडे यांचे साठ

बुद्धिबळाचा पट कापून ४ × ४ एवढाच ठेवला आणि त्यावर एकटा हत्ती उभा केला, तर तो चार चालींत फिरून मूळ घरी किती प्रकारे येऊ शकेल? वाटेतली चारही घरे वेगळी हवीत. सुरुवात कोणत्या घरापासून केली आणि फेरी कोणत्या दिशेने मारली याला महत्त्व नाही. तीच चार घरे त्याच क्रमाने आली की ती एकच फेरी धरायची.

बहुतेकांना पहिल्यांदा आयत दिसतात. दोन ओळी निवडा, दोन स्तंभ निवडा, चार कोपरे मिळाले. चारांतून दोन ओळी ६ प्रकारे निवडता येतात, स्तंभही ६ प्रकारे, म्हणून ३६ आयत. पण हत्ती एकाच ओळीतही फेरी मारू शकतो, आणि मोजताना हेच निसटते. ओळीतल्या चार घरांना अ, आ, इ, ई म्हटले तर हत्ती कोणत्याही घरातून कोणत्याही घरात एका चालीत जातो. अ-आ-इ-ई, अ-आ-ई-इ आणि अ-इ-आ-ई अशा तीन वेगळ्या फेऱ्या होतात. चार ओळी आणि चार स्तंभ मिळून आठ रांगा, प्रत्येकीत तीन, म्हणजे २४. एकूण ६०.

गणिताच्या भाषेत इथे प्रत्येक घर हा एक बिंदू आहे, आणि ज्या दोन घरांमध्ये हत्तीची एक चाल आहे त्यांच्यामध्ये रेषा आहे. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या या जाळ्याला ग्राफ म्हणतात. एका रेषेने जोडलेले दोन बिंदू एकमेकांचे शेजारी. चार वेगळे बिंदू रेषांनी गोल जोडलेले असले की झाला चौकोन. तो कागदावर चौकोनी दिसायलाच हवा असे नाही. ओळीतल्या फेऱ्या तर सरळ रेषेवर पडतात, तरी त्या चौकोनच.

हत्तीचा पट नीटनेटका असल्यामुळे चौकोनांचे प्रकार पाडून ते मोजता आले. वेड्यावाकड्या जाळ्यात प्रकार पाडायला जागाच नसते. चार-चार बिंदू उचलून तपासायचे म्हटले तर शंभर बिंदूंमध्येच चौकड्यांची संख्या ३९ लाखांवर जाते. यावरची युक्ती अशी, की चौकोनाकडे बघायचेच नाही, त्याच्या कर्णाकडे बघायचे.

कोणत्याही चौकोनात समोरासमोरच्या बिंदूंच्या दोन जोड्या असतात. त्यातली एक जोडी धरली, तर उरलेले दोन बिंदू या दोघांचेही शेजारी असतात, म्हणजे सामाईक शेजारी. हेच उलटेही खरे आहे. कोणत्याही दोन बिंदूंचे दोन सामाईक शेजारी सापडले की त्या चौघांचा चौकोन आपोआप पुरा होतो. तेव्हा दोन बिंदूंना क सामाईक शेजारी असतील, तर त्यातून दोघे निवडण्याचे जितके मार्ग, म्हणजे क × (क − १) ÷ २, तितके चौकोन ही जोडी समोरासमोर धरून उभे आहेत. शेजारी एकच असला तर शून्य, दोन असले तर एक, तीन असले तर तीन, पाच असले तर दहा. प्रत्येक जोडीसाठी हा आकडा काढायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. चौकोनाला दोन कर्ण असल्याने तो या बेरजेत दोनदा आला आहे, म्हणून शेवटी निम्मे करायचे.

हत्तीच्या पटावर हे लावून पाहू. एकाच ओळीतली दोन घरे घेतली तर त्या ओळीतली उरलेली दोन घरे त्यांचे सामाईक शेजारी. ओळही वेगळी आणि स्तंभही वेगळा अशी दोन घरे घेतली तर त्यांच्या आयताचे उरलेले दोन कोपरे सामाईक. म्हणजे जोडी कुठलीही असो, सामाईक शेजारी बरोबर दोनच. सोळा घरांच्या जोड्या १२०, प्रत्येकीचा एक चौकोन, बेरीज १२०, निम्मे ६०. ओळींतल्या ज्या फेऱ्या नजरेतून सुटत होत्या त्या इथे काहीही वेगळे न करता मोजल्या गेल्या.

सगळ्या जोड्या अशा सारख्या नसतात. एका बाजूला दोन बिंदू, दुसऱ्या बाजूला तीन, आणि या बाजूचा प्रत्येक जण त्या बाजूच्या प्रत्येकाला जोडलेला, असे जाळे घ्या. दोघांच्या जोडीला तीन सामाईक शेजारी, म्हणून तिचे ३. तिघांमधल्या तीन जोड्यांना दोन-दोन सामाईक शेजारी, म्हणून त्यांचे १-१-१. समोरासमोरच्या, म्हणजे रेषेने जोडलेल्या जोड्यांना सामाईक शेजारी एकही नाही. बेरीज ६, चौकोन ३. मात्र केवळ दोघांचीच बाजू पाहिली असती तर ३ हे उत्तर थेट मिळाले असते आणि निम्मे करायचे कारण नव्हते, कारण प्रत्येक चौकोनाचा एक कर्ण या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला आहे. दोन गटांत विभागलेली जाळी व्यवहारात फार येतात, उदाहरणार्थ ग्राहक आणि वस्तू. अशा वेळी एकाच बाजूच्या जोड्या मोजून वर सवयीने निम्मेही केले, तर उत्तर अर्धे येते.

आता याच ६० वर थोडे थांबू, कारण या संख्येशी मुंबई विद्यापीठात पुढे अनेक वर्षे गणित शिकवलेल्या एका माणसाचे नाव जोडलेले आहे.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागरचा, शिक्षण नागपूरचे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या हाताखाली त्यांनी १९५० मध्ये डॉक्टरेट केली. लोकांना ते माहीत असतात ते १९५९ मधल्या एका पराक्रमामुळे. बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलरचे १७८२ चे अनुमान खोटे पाडले आणि ती बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. त्याच वर्षी श्रीखंडे यांचा आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याची बातमी कुठे पहिल्या पानावर आली नाही, पण आपल्या विषयाला तो जास्त जवळचा आहे.

त्यांनी विचारलेला प्रश्न साधारण असा होता. समजा एखाद्या जाळ्याचे आकडे हत्तीच्या पटाशी तंतोतंत जुळतात: तितकेच बिंदू, प्रत्येकाला तितकेच शेजारी, जोडलेल्या जोडीला तितकेच सामाईक शेजारी आणि न जोडलेल्या जोडीलाही तितकेच. मग ते जाळे हत्तीचा पटच असले पाहिजे का? श्रीखंडे यांनी सिद्ध केले की होय, पट कितीही मोठा घ्या, उत्तर होय. अपवाद फक्त ४ × ४ चा. तिथे आकडे तेच पण रचना निराळी असे बरोबर एक जाळे निघते. त्यालाच आज जगभर श्रीखंडे ग्राफ म्हणतात.

ते काढणे अवघड नाही. पुन्हा ४ × ४ चा पट घ्या, पण त्याची उजवी कड डाव्या कडेला आणि वरची कड खालच्या कडेला शिवलेली आहे असे समजा. उजवीकडून बाहेर पडलेली सोंगटी डावीकडून आत येते. प्रत्येक घर सहा घरांना जोडा: डावे, उजवे, वरचे, खालचे, आणि तिरक्या दिशांपैकी एकीवरचे दोन, म्हणजे वर-उजवे आणि खाली-डावे. दुसरी तिरकी दिशा वापरायची नाही. घरांना ० ते ३ असे स्तंभ आणि ओळीचे क्रमांक दिले, तर (०,०) चे शेजारी (१,०), (३,०), (०,१), (०,३), (१,१) आणि (३,३) होतात.

आता (०,०) आणि त्याच्या उजवीकडचे (१,०) यांचे सामाईक शेजारी पाहा. (१,०) चे शेजारी (२,०), (०,०), (१,१), (१,३), (२,१), (०,३). दोन्ही याद्यांत असलेली घरे (१,१) आणि (०,३), म्हणजे दोन. न जोडलेली जोडी घ्या, (०,०) आणि (२,०). त्यांच्यात (१,०) आणि (३,०) सामाईक, पुन्हा दोन. कोणतीही जोडी घेतली तरी दोनच येतात. मग १२० जोड्या, बेरीज १२०, चौकोन ६०. हत्तीच्या पटाइतकेच.

पण हे साठ आणि ते साठ सारखे नाहीत. फरक कर्णात आहे. चौकोनातले समोरासमोरचे बिंदू एकमेकांना थेट जोडलेले असू शकतात किंवा नसू शकतात, आणि आपल्या सूत्राने याची चौकशी कधी केलीच नाही. हत्तीच्या पटावर ओळीतल्या २४ फेऱ्यांचे दोन्ही कर्ण जोडलेले आहेत आणि ३६ आयतांचा एकही नाही. अधलामधला प्रकार तिथे नाहीच. श्रीखंडे ग्राफमध्ये मात्र नुकतीच पाहिलेली (०,०) आणि (१,०) ही जोडी जोडलेली आहे, पण त्यांचे सामाईक शेजारी (१,१) आणि (०,३) एकमेकांना जोडलेले नाहीत. या जाळ्यात सगळेच एकमेकांना जोडलेले असे चार बिंदू कुठेही सापडत नाहीत. त्यामुळे प्रत्येक रेषा एका चौकोनाचा कर्ण होते आणि त्या चौकोनाचा दुसरा कर्ण रिकामा असतो. सोळा बिंदू, प्रत्येकाला सहा शेजारी, म्हणजे ४८ रेषा, म्हणून असे ४८ चौकोन. उरलेले १२ पूर्ण रिकामे, ज्यांचा एकही कर्ण जोडलेला नाही. ते १२ कोणते हे पाहणे मोठे गमतीचे आहे. शिवलेल्या पटावर सरळ चालत राहिले की चार पावलांत माणूस मूळ घरी येतो. आडव्या चार वाटा, उभ्या चार आणि तिरक्या चार, हेच ते बारा.

एकीकडे २४ आणि ३६, दुसरीकडे ४८ आणि १२. सामाईक शेजाऱ्यांच्या मोजणीला हा भेद दिसत नाही. ती चौकोनांची एकूण संख्या अचूक सांगते, प्रकार सांगत नाही. प्रकार हवा असेल तर प्रत्येक जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात: हे दोघे एकमेकांना जोडलेले आहेत का, आणि ज्या दोन सामाईक शेजाऱ्यांनी चौकोन पुरा केला ते जोडलेले आहेत का. यातला पहिला प्रश्न फुकटात सुटतो. दुसऱ्यासाठी मात्र शेजाऱ्यांची नुसती संख्या पुरत नाही, त्यांची नावे ठेवावी लागतात आणि काम वाढते. कुणी ‘इतके चौकोन आहेत’ म्हणून आकडा दिला, तर कर्ण जोडलेले चौकोन त्यात धरले आहेत की नाहीत हे आधी विचारावे. दोन अहवालांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा पुष्कळदा भांडण एवढ्यावरच असते.

संगणकावर ही मोजणी जोड्या घेऊन करत नाहीत. ती शेजाऱ्यांच्या बाजूने करतात. एका बिंदूपाशी जायचे, त्याच्या शेजाऱ्यांची यादी काढायची आणि त्या यादीतल्या प्रत्येक जोडीच्या खात्यात एक जमा करायचा, कारण हा बिंदू त्या जोडीचा सामाईक शेजारी आहे. सगळे बिंदू संपले की प्रत्येक खात्यात त्या जोडीचा क तयार असतो. ज्या जोड्यांना एकही सामाईक शेजारी नाही त्यांची खाती उघडतच नाहीत.

यात दोन पडताळे मुळातच दडलेले आहेत आणि ते करायला काही खर्च येत नाही. पहिला: सगळ्या खात्यांतली जमा मिळून प्रत्येक बिंदूच्या शेजाऱ्यांच्या जोड्यांच्या बेरजेइतकी हवी. आपल्या दोन्ही जाळ्यांत प्रत्येक बिंदूला ६ शेजारी, म्हणजे १५ जोड्या. १६ बिंदूंचे २४०. तिकडे १२० खात्यांत दोन-दोन, तेही २४०. दुसरा: निम्मे करण्याआधीची बेरीज समच यायला हवी. विषम आली तर कुठेतरी चूक नक्की आहे. बहुतेक वेळा मूळ यादीत एकच रेषा दोनदा लिहिलेली असते, त्यामुळे एकच शेजारी दोघे म्हणून मोजला जातो. किंवा एखादी रेषा एका बिंदूच्या यादीत आहे आणि दुसऱ्याच्या यादीत नाही. सम आली म्हणजे सगळे बरोबर असे मात्र नाही. म्हणून रेषांची यादी आधी साफ करावी, दुहेरी नोंदी आणि बिंदूला स्वतःशीच जोडणाऱ्या रेषा काढून टाकाव्यात.

खरा त्रास होतो तो फार शेजारी असलेल्या बिंदूंचा. एखाद्या बिंदूला १ लाख शेजारी असतील तर त्या एकट्याच्या शेजाऱ्यांच्या जोड्या सुमारे ५०० कोटी होतात. इतकी खाती उघडायला संगणकाची स्मृती पुरत नाही. आणि त्यातल्या बहुतेक खात्यांत एकच जमा राहते, म्हणजे ती चौकोनांच्या दृष्टीने निकामी. जपानच्या चिबा आणि निशिझेकी यांनी १९८५ मध्ये यावर जो मार्ग दाखवला त्याचा गाभा असा. बिंदूंना शेजाऱ्यांच्या संख्येनुसार क्रम लावायचा, सर्वांत जास्त शेजारी असलेला सर्वांत वरचा. मग प्रत्येक चौकोन त्याच्या सर्वांत वरच्या बिंदूपासूनच मोजायचा: तिथून खालच्या क्रमाच्या शेजाऱ्याकडे एक पाऊल, आणि त्याच्याकडून पुढे दुसरे पाऊल, तेही आरंभबिंदूपेक्षा खालच्याच बिंदूवर. एकाच ठिकाणी क वाटांनी पोचलो तर पुन्हा तेच क × (क − १) ÷ २. चौकोनाचा सर्वांत वरचा बिंदू एकच असल्याने तो एकदाच मोजला जातो आणि शेवटी निम्मे करावे लागत नाही. एक लाख शेजाऱ्यांचा तो बिंदू सर्वांत वर असल्यामुळे मधल्या पावलावर कधीच येत नाही, आणि ५०० कोटींचे ओझे टळते.

कधी कधी संख्या नकोच असते, चौकोन आहे की नाही एवढेच हवे असते. मग काम फार लवकर आटोपते. १,००० बिंदूंच्या जोड्या ४,९९,५००. खात्यांत जमा करत असताना ४,९९,५०१ वी नोंद होण्याआधी किंवा होताना कोणत्या तरी खात्यात दुसरी जमा पडलीच पाहिजे, आणि दुसरी जमा म्हणजे चौकोन. तिथेच थांबायचे. रेषा कितीही असोत, यापुढे जावे लागत नाही. यातून आणखी एक गोष्ट निघते. १६ बिंदूंच्या जाळ्यात प्रत्येकाला ५ शेजारी असतील तर नोंदी १६० आणि खाती १२०, म्हणून चौकोन टाळताच येणार नाही. ४ शेजारी असतील तर नोंदी ९६ च, म्हणजे या हिशोबाने तरी चौकोनाची सक्ती नाही. चौकोन टाळून जास्तीत जास्त किती रेषा काढता येतील हा प्रश्न पॉल एर्डॉश यांच्यापुढे १९३८ मध्ये संख्या सिद्धांतातल्या एका कोड्यातून आला होता. १९५४ मध्ये कोव्हारी, शोश आणि तुरान या तिघांनी वरच्याच धर्तीच्या हिशोबाने त्याला सर्वसाधारण रूप दिले.

चौकोन मुद्दाम टाळण्याची गरज आज आपल्या फोनमध्येही पडते. 5G वर डेटा पाठवताना त्यातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी जे संकेत वापरतात त्यांचा पाया रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास एमआयटीत घातला. एका बाजूला पाठवलेले ० आणि १ चे अंक, दुसऱ्या बाजूला तपासण्या. प्रत्येक तपासणी काही मोजक्या अंकांना जोडलेली असते आणि त्यांची बेरीज सम आहे का एवढेच पाहते. संदेश उलगडताना अंक आणि तपासण्या या रेषांवरून एकमेकांना आपापला अंदाज कळवत राहतात. दोन अंक एकाच वेळी दोन तपासण्यांत एकत्र असले तर चौकोन तयार होतो, आणि मग एका अंकाचा अंदाज पहिल्या तपासणीतून दुसऱ्या अंकाकडे जाऊन दुसऱ्या तपासणीतून दोन फेऱ्यांत त्याच्याचकडे परत येतो. तो जणू स्वतंत्र साक्षीदाराचा म्हणून धरला जातो. शिवाय ते दोन्ही अंक उलटले तर त्या दोन तपासण्यांना काहीच कळत नाही, दोन्ही बेरजा जिथल्या तिथे राहतात.

म्हणून असे जाळे रचताना अंकांच्या प्रत्येक जोडीचे खाते पाहतात: सामाईक तपासणी एकापेक्षा जास्त नको. इथे मोजणी एकाच बाजूची असल्याने निम्मे करण्याचा प्रश्न नाही, आणि हवे असलेले उत्तर शून्य असल्याने पहिल्याच दुसऱ्या जमेला ती रचना बाद करता येते. चौकोन संपले तरी सहा बिंदूंच्या फेऱ्या उरतात आणि त्याही अंदाजांत घोटाळा करतात. त्या मोजायला मात्र ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. समोरासमोरच्या दोन बिंदूंमध्ये तीन पावलांच्या दोन वाटा घेतल्या, तर त्या वाटा मधल्याच एखाद्या बिंदूवर एकमेकींना भेटू शकतात, आणि मग फेरी सहाची राहत नाही. चौकोनात दोन पावलांच्या वाटेवर मधला बिंदू एकच असतो. दोन वाटा वेगळ्या म्हणजे त्यांचे मधले बिंदू वेगळे, एवढ्यावर काम भागते. सहाच्या फेऱ्यांसाठी मधे गाठ पडलेल्या वाटा शोधून वजा कराव्या लागतात.